तुर्की नामाला लागणारे मालकीचे आणि विभक्तीचे प्रत्यय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुर्की शिकायला लागून दोन-तीन महिने झाले की बहुतेक जण एकाच वळणावर अडखळतात. ‘घर’ येतं, ‘माझं घर’ येतं, ‘घरात’ही येतं. पण ‘त्याच्या घरात’ म्हणताना मध्येच एक ‘न’ उपटतो आणि सगळं विस्कटतं. मला सर्वाधिक वेळा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बरेचसे त्या ‘न’भोवतीच फिरतात, त्यामुळे उत्तरंही तिथेच लांबली आहेत.

लिपीबद्दल एक सूचना. १९२८ पासून तुर्की लॅटिन लिपीत लिहिली जाते आणि तिच्यातल्या काही स्वरांना देवनागरीत अक्षर नाही. म्हणून वाक्यांत उच्चार अंदाजे देवनागरीत दिला आहे, नेमकं लेखन चौकटीत आहे. बिनटिंबाच्या आयला मी नाइलाजाने ‘इ’च लिहिलं आहे. तो ‘इ’ जीभ मागे ओढून, ओठ सैल ठेवून म्हणावा.

एका नामाला एकावर एक किती प्रत्यय लागतात, आणि कोणत्या क्रमाने?

रोजच्या बोलण्यात तीन थर पुरतात: आधी अनेकवचन, मग मालकी, मग विभक्ती. क्रम हाच. ‘एव’ म्हणजे घर. ‘एव-लेर’ घरं, ‘एव-लेर-इमिझ’ आमची घरं, ‘एव-लेर-इमिझ-दे’ आमच्या घरांमध्ये.

```
ev - ler - imiz - de
घर - अनेकवचन - आमचं - मध्ये
```

मराठीत हेच सांगायला दोन शब्द लागतात. शिवाय ‘घरांमध्ये’मधल्या ‘घरां’त अनेकवचन आणि सामान्यरूप असे विरघळलेले असतात की त्यांची फोड करता येत नाही. तुर्कीत प्रत्येक तुकडा एकच काम करतो आणि वेगळा काढून दाखवता येतो. एखादा थर नको असेल तर तो गाळायचा, बाकीच्यांची जागा बदलत नाही. ‘एव-इम-दे’ माझ्या घरात, ‘एव-लेर-दे’ घरांमध्ये.

मालकीचे प्रत्यय कोणते?

एकूण सहा. माझं -इम, तुझं -इन, त्याचं किंवा तिचं -इ, आमचं (आणि आपलं) -इमिझ, तुमचं -इनिझ, त्यांचं -लेरि. शब्दाच्या शेवटी स्वर असेल तर पहिल्या दोघांचा, तसाच ‘आमचं’ आणि ‘तुमचं’चा सुरुवातीचा ‘इ’ गळतो, आणि ‘त्याचं’ला ‘स’ जोडला जाऊन -सि होतं. ‘आराबा’ म्हणजे गाडी. ‘आराबा-म’ माझी गाडी, ‘आराबा-न’ तुझी, ‘आराबा-सि’ त्याची.

```
ev:    evim, evin, evi, evimiz, eviniz, evleri
araba: arabam, araban, arabası, arabamız, arabanız, arabaları
```

मालक पुरुष की बाई, हे तुर्कीत कळत नाही. गाडी स्त्रीलिंगी की पुल्लिंगी हा प्रश्नही उद्भवत नाही. माझा-माझी-माझं सांभाळत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही मोठीच सुटका.

प्रत्ययांमधले स्वर सारखे का बदलतात? कधी -दे, कधी -दा?

आधीच्या अक्षरातला स्वर पुढच्या प्रत्ययाचा स्वर ठरवतो. ‘एव’मध्ये ए आहे म्हणून ‘एव-इम-दे’, ‘आराबा’मध्ये आ आहे म्हणून ‘आराबा-म-दा’. मूळ शब्दाकडे पाहायचं नाही, लगेच आधीच्या तुकड्याकडे पाहायचं. थरांच्या क्रमाशी याचा संबंध नसल्यामुळे इथे एवढंच.

विभक्ती आधी आणि मालकी नंतर लावली तर?

चूक तर होतेच, पण त्याहून वाईट म्हणजे कधीकधी भलतंच वाक्य तयार होतं आणि कोणी तुम्हाला टोकतही नाही.

‘माझ्या घरात’ म्हणजे ‘एव-इम-दे’. समजा तुम्ही घाईत ‘एव-दे-इम’ म्हणालात. ऐकणारा ते ‘एवदेयिम’ असं ऐकेल, आणि त्याचा अर्थ आहे ‘मी घरी आहे’. शेवटचा -इम मालकीचा नाही, तो ‘आहे’ या क्रियापदाचा ‘मी’ आहे. दिसायला सारखा, पण त्याची जागा विभक्तीच्याही पलीकडे, सगळ्यांत शेवटी.

```
evimde      माझ्या घरात
evdeyim     मी घरी आहे
evimdeyim   मी माझ्या घरात आहे
```

तिसऱ्या ओळीत दोन्ही ‘मी’ एकाच शब्दात बसले आहेत, एक विभक्तीच्या अलीकडे, एक पलीकडे. त्यामुळे तुर्कीत क्रम हा केवळ शिस्तीचा भाग नाही, अर्थ त्याच्यावरच उभा असतो. हाच क्रम सगळ्या जगात चालतो असंही नाही. फिनिश भाषा याच पद्धतीने प्रत्यय जोडते, पण तिच्यात विभक्ती आधी येते आणि मालकी नंतर.

‘त्याच्या घरात’ म्हणताना मधला ‘न’ कुठून येतो?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. ‘एव-इ’ म्हणजे त्याचं घर. त्याला ‘दे’ लावलं की ‘एविदे’ व्हायला हवं असं आपल्याला वाटतं. पण होतं ‘एव-इ-न-दे’.

```
evi + de    →  evinde      त्याच्या घरात
evi + den   →  evinden     त्याच्या घरातून
evi + e     →  evine       त्याच्या घराकडे
evi + i     →  evini       त्याचं घर (कर्म)
arabası + da → arabasında  त्याच्या गाडीत
```

दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून हा घातला आहे, असं स्पष्टीकरण कधीकधी देतात. ते पटण्यासारखं नाही. ‘एविदे’मध्ये दोन स्वर शेजारी येतच नाहीत, तरी ‘न’ येतो. आणि स्वर खरोखरच आदळतात तेव्हा तुर्की ‘य’ वापरते. ‘आराबा’ला द्वितीया लावली की ‘आराबायि’ होतं, ‘आराबानि’ नाही.

तुर्की व्याकरणकार याला सर्वनामाचा ‘न’ म्हणतात, आणि नावातच खूण आहे. ‘ओ’ म्हणजे तो, पण ‘त्याच्याजवळ’ म्हणजे ‘ओन-दा’. ‘बु’ म्हणजे हा, पण ‘यात’ म्हणजे ‘बुन-दा’. विभक्ती लागताना ही सर्वनामं ‘न’ घेतात, आणि तृतीय पुरुषी मालकीचा प्रत्ययही त्यांच्यासारखाच वागतो. आपल्याकडे ‘घोडा’ला थेट ‘ला’ लागत नाही, आधी ‘घोड्या’ व्हावं लागतं. ‘एवि’चं ‘एविन’ हे मी तसंच एक सामान्यरूप समजतो. भाषाशास्त्रज्ञ कदाचित नाक मुरडतील, पण लक्षात ठेवायला याहून सोपी युक्ती मला सापडलेली नाही.

हा ‘न’ फक्त ‘त्याचं/तिचं’ आणि ‘त्यांचं’ यांच्यानंतर येतो. ‘माझं’, ‘तुझं’, ‘आमचं’, ‘तुमचं’ यांच्यानंतर कधीच नाही. आणि तृतीयेचा -ले लागताना तो येत नाही, तिथे ‘य’ येतो: ‘आराबासि-य-ला’, त्याच्या गाडीने.

तुर्कीच्या सगळ्या बहिणींनी तो जपलेला नाही. कझाकमध्ये आणि अझरबैजानीत तो आहे, उझबेकने टाकून दिला. उझबेक माणूस ‘त्याच्या घरात’ला सरळ ‘उयिदा’ म्हणतो. ताश्कंदला गेलात तर तुमची चूक तिथे बरोबर ठरेल, इस्तंबूलमध्ये मात्र नाही.

मग ‘एविंदे’ म्हणजे तुझ्या घरात की त्याच्या घरात?

दोन्ही. ‘तुझं’चा प्रत्यय -इन, त्यामुळे ‘एव-इन-दे’ तुझ्या घरात. ‘त्याचं’चा -इ, मग ‘न’, मग ‘दे’, म्हणजे ‘एव-इ-न-दे’ त्याच्या घरात. फोड वेगळी, लेखन एक, उच्चारही एक.

या गोष्टीने मला एकदा चांगलंच फिरवलं. मित्राच्या भावाच्या घरी पोचल्यावर मी त्याला संदेश पाठवला: ‘एविंदे बेक्लियोरुम’, म्हणजे ‘घरात वाट बघतोय’. मला भावाचं घर म्हणायचं होतं. त्याने ‘तुझ्या घरी’ असं वाचलं आणि तो बिचारा धावत स्वतःच्या घरी गेला. ‘ओनुन एविंदे’ लिहिलं असतं तर प्रश्न मिटला असता. ‘ओनुन’ म्हणजे त्याच्या, ‘सेनिन’ म्हणजे तुझ्या. एरवी तुर्कीत हे शब्द गाळतात, कारण मालक कोण ते प्रत्यय सांगतो. पण जिथे तो सांगत नाही तिथे ते लिहावेत.

गंमत म्हणजे स्वरान्त शब्दांत हा गोंधळ होतच नाही. तिथे ‘त्याचं’ला ‘स’ मिळतो आणि फरक लगेच दिसतो.

```
evinde      तुझ्या घरात / त्याच्या घरात
arabanda    तुझ्या गाडीत
arabasında  त्याच्या गाडीत
evinle      तुझ्या घरासह
eviyle      त्याच्या घरासह
```

शेवटच्या दोन ओळीही पाहा. तृतीयेत ‘न’ येत नसल्यामुळे व्यंजनान्त शब्दांतही गोंधळ मिटतो. बाकी विभक्त्यांत तो आहेच: एविनि, एविने, एविंदेन, एविनिन, सगळ्यांचे दोन-दोन अर्थ.

‘एवलेरि’चे नक्की किती अर्थ?

चार. घरं (कर्म म्हणून), त्याची घरं, त्यांचं घर, त्यांची घरं.

कारण असं. ‘त्यांचं’चा प्रत्यय -लेरि आहे, आणि त्यात अनेकवचनाचाच -लेर लपलेला आहे. ‘त्यांची घरं’ म्हणताना हिशेबाने ‘एव-लेर-लेरि’ व्हायला हवं, पण तुर्की दोन -लेर शेजारी ठेवत नाही. एक गाळला जातो आणि उरतो ‘एवलेरि’. घर एक की अनेक, हे त्यातून दिसत नाही. म्हणून घर एकच असेल तर ‘ओनलारिन एवि’ म्हणतात, म्हणजे ‘त्यांचं’ हा शब्द पुढे ठेवून घराला एकवचनी प्रत्यय. चारांतला नेमका कोणता अर्थ, हे कोशात पाहून कळत नाही, वाक्यच ते सांगतं.

‘मावशीच्या शेजाऱ्याच्या बागेत’ कसं म्हणायचं?

हे नीट बसलं तर बाकी सगळं बसतं, म्हणून सावकाश करू.

```
teyzemin komşusunun bahçesinde
```

पहिला शब्द ‘तेय्झे-म-इन’. तेय्झे म्हणजे मावशी, आत्या नव्हे. आत्याला ‘हाला’ हा वेगळा शब्द आहे, मामाला ‘दायि’, काकाला ‘आम्जा’. नात्यांच्या या बाबतीत तुर्की आपल्या घरातलीच वाटते. ‘म’ माझी, ‘इन’ षष्ठी: माझ्या मावशीच्या.

दुसरा शब्द ‘कोम्शु-सु-नुन’. कोम्शु म्हणजे शेजारी. तो मावशीचा आहे, म्हणून ‘तिचा’ दाखवणारा -सु. पण तो बागेचा मालकही आहे, म्हणून पुढे षष्ठी. तिच्यातला ‘न’ मात्र वर पाहिलेला सर्वनामाचा ‘न’ समजायला नको. षष्ठीचा प्रत्यय स्वरानंतर -निन असाच असतो, त्यामुळे इथे तो वेगळा मोजायची गरज पडत नाही.

तिसरा शब्द ‘बाहचे-सि-न-दे’. बाग शेजाऱ्याची म्हणून -सि, मग सर्वनामाचा ‘न’, मग सप्तमी.

मराठीशी फरक कुठे आहे ते पाहा. आपण ‘च्या’ फक्त मालकाला लावतो, वस्तूला काहीच नाही. तुर्कीत मालकालाही खूण लागते आणि वस्तूलाही. शब्दशः म्हणायचं तर ‘मावशीच्या तिचा-शेजाऱ्याच्या त्याची-बागेत’. मराठी माणूस इथे हटकून दुसरी खूण विसरतो आणि ‘तेय्झेमिन बाहचे’ म्हणतो. ‘मावशीची बाग’ म्हणायला ‘तेय्झेमिन बाहचेसि’ लागतं. स्वतःचं लेखन तपासायची एक पद्धत: षष्ठीचा -इन किंवा -निन दिसला की उजवीकडे सरकत जा, त्याला बांधलेल्या नामावर मालकीची खूण मिळालीच पाहिजे. न मिळाली तर काहीतरी राहिलं आहे.

‘कापालिचार्शिदा’ म्हणतात, मग ‘मिसिर चार्शिसिंदा’ का?

इस्तंबूलला गेलेल्या जवळजवळ प्रत्येक पर्यटकाने हे दोन्ही बाजार पाहिलेले असतात. पहिला मोठा छपराचा बाजार, दुसरा मसाल्यांचा. ‘चार्शि’ म्हणजे बाजार.

```
Kapalıçarşı'da
Mısır Çarşısı'nda
Topkapı Sarayı'nda
Beyoğlu'nda
Kadıköy'de
```

‘कापालि’ म्हणजे झाकलेला, हे विशेषण. विशेषण आणि नाम यांच्यात मालकीची खूण लागत नाही, म्हणून ‘चार्शि’ कोरा राहतो आणि ‘दा’ थेट लागतो. ‘मिसिर’ म्हणजे इजिप्त, हे नाम. नामाला नाम जोडून जोडशब्द केला की दुसऱ्याला -सि लागतो, आणि -सि आला की मागोमाग ‘न’ आलाच. तोपकापि राजवाड्यातला ‘साराय-इ’ही तसाच. बेयोलु या भागाच्या नावात ‘ओलु’ म्हणजे ‘त्याचा मुलगा’, म्हणजे तिथेही मालकीचा प्रत्यय दडलेला आहे. काडिक्योयच्या शेवटी नुसतं ‘क्योय’ (गाव) उरलं आहे, म्हणून तिथे ‘न’ नाही. म्हणजे इस्तंबूलच्या बसवरच्या पाट्या वाचूनही व्याकरणाची उजळणी होते.

हाच नियम घरात आणला की आणखी एक गोष्ट दिसते. झोपायची खोली म्हणजे ‘याताक ओदासि’, पलंग आणि खोली यांचा जोडशब्द. आता ‘माझी झोपायची खोली’? ‘ओदासिम’ नाही, ‘याताक ओदाम’. मालकीच्या थराला जागा एकच. ‘माझी’ आली की -सि बाहेर. ‘माझ्या झोपायच्या खोलीत’ म्हणजे ‘याताक ओदामदा’, आणि इथे ‘न’ही नाही, कारण -सिच उरलेला नाही.

‘मी माझं पुस्तक वाचलं’ यात पुस्तकाला काही लावायचं का?

लावायचं. मराठीत निर्जीव कर्माला ‘ला’ लागत नाही, म्हणून आपण तुर्कीतही पुस्तक मोकळं सोडतो आणि ‘किताबिम ओकुदुम’ म्हणतो. पुस्तक ‘माझं’ ठरलं की ते कुठलंतरी पुस्तक राहत नाही, ठरावीक होतं, आणि ठरावीक कर्माला तुर्की द्वितीया मागते. म्हणून ‘किताब-इम-इ ओकुदुम’. मूळ शब्द ‘किताप’ आहे, स्वर पुढे आला की ‘प’चा ‘ब’ होतो. अनेकवचनात पुढे व्यंजन असल्यामुळे ‘प’ टिकतो: ‘किताप-लार-इम-इ’.

```
kitap okudum        (काहीतरी) पुस्तक वाचलं
kitabımı okudum     माझं पुस्तक वाचलं
kitaplarımı okudum  माझी पुस्तकं वाचली
```

विभक्तीनंतर पुन्हा प्रत्यय लागू शकतात का?

‘आहे’चा प्रत्यय लागतो, तो वर आला आहे. दुसरा म्हणजे -कि, आणि तो मराठी माणसाला समजवावा लागत नाही. ‘एवदे’ म्हणजे घरात, ‘एवदेकि’ म्हणजे घरातला. आपलाच ‘-तला’. आणि ‘घरातला’ हा शब्द जसा पुढे ‘घरातले’, ‘घरातल्यांना’ असा पुन्हा वाढतो, तसंच तुर्कीतही होतं. -कि लागला की सगळी शिडी पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरू होते.

```
ev - im - de - ki - ler - den
घर - माझं - मध्ये - -तला - अनेकवचन - पासून
माझ्या घरातल्यांपैकी
```

एकवचनात इथेही आपला जुना ओळखीचा ‘न’ भेटतो: ‘एवदेकि-न-इ’, घरातल्याला.

अनेकवचन नेहमी मालकीच्या आधीच येतं का? ‘तेय्झेमलेर’ असंही ऐकलं आहे.

बरोबर ऐकलं आहे, आणि ते चूक नाही. ‘तेय्झे-लेर-इम’ म्हणजे माझ्या मावश्या, दोन-तीन जितक्या असतील तितक्या. ‘तेय्झे-म-लेर’मध्ये क्रम उलटा आहे, आणि मावशी एकच आहे. अर्थ: मावशी आणि तिच्या घरची मंडळी. ‘मावशीकडचे’ म्हणतो तसं. आधी ‘माझी मावशी’ पुरी झाली, मग तिच्याभोवती माणसं गोळा केली, असं तुकड्यांच्या जागेवरूनच कळतं. ही सूट प्रामुख्याने नात्याच्या शब्दांना आहे. ‘एवइमलेर’ असं कोणी म्हणत नाही.

विभक्ती मात्र आपली शेवटची जागा सोडत नाही: ‘तेय्झेमलेरे’ म्हणजे मावशीकडे, ‘तेय्झेमलेरदेन’ म्हणजे मावशीकडून. एकदा इस्तंबूलमध्ये ओळखीच्या मुलीला फोन केला, कुठे आहेस विचारलं, तर एका शब्दात उत्तर आलं:

```
teyzemlerdeyim
teyze - m - ler - de - y - im
```

मावशीकडे आहे.